शंभर किलोंचा हिशेब: हॉटेल, वसतिगृह आणि कचऱ्याची वही

सोलापूरच्या भवानी पेठेत सकाळी घंटागाडी येते तेव्हा घराघरांतून एकेक बादली बाहेर येते. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या भोजनालयाच्या मागच्या दारी मात्र खरकट्याचे सात-आठ ड्रम उभे असतात. कित्येक घरांचा दिवसभराचा कचरा जितका, तितका या एका स्वयंपाकघरातून निघतो. तो सगळा गाडीत घ्यायचा, तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा प्रकल्पापर्यंत वाहून न्यायचा आणि वाटेत प्लास्टिकमध्ये कालवून टाकायचा, हे काम महापालिकेने करदात्यांच्या पैशाने किती दिवस करायचे? कायद्याने याचे उत्तर दिले आहे. ज्याच्याकडे कचऱ्याचा ढीग तयार होतो, त्याने त्यातला ओला भाग आपल्याच आवारात जिरवायचा आणि जिरवल्याचा हिशेब ठेवायचा.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या हॉटेल, रुग्णालय, महाविद्यालय, वसतिगृह, बाजार, प्रार्थनास्थळ अशा संस्थांना ‘बल्क वेस्ट जनरेटर’, म्हणजे घाऊक कचरा निर्माते, असे वेगळे नाव मिळाले. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम जाहीर झाले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. नव्या नियमांत तीन कसोट्या आहेत: २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर किंवा अधिक पाण्याचा वापर, किंवा दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा. यातली एक जरी लागू झाली तरी संस्था घाऊक ठरते. भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत पहिल्या दोन कसोट्यांत बसणारी आवारे थोडीच. इथला खरा प्रश्न तिसऱ्या कसोटीचा, म्हणजे शंभर किलोंचा आहे. आणि तो प्रश्न वजनकाट्याशिवाय सुटत नाही.

बहुतेक मालकांना आपला कचरा ड्रममध्ये मोजायची सवय असते. ‘रोज चार ड्रम निघतात’ असे ते सांगतात. पण भाताच्या पेजेने भरलेला ड्रम आणि कोबीच्या पानांनी भरलेला ड्रम यांच्या वजनात दुपटी-तिपटीचा फरक पडतो. म्हणून सुरुवात सलग सात दिवसांच्या वजनाने करावी. हिशेब नीट समजावा म्हणून एक नमुना घेऊ. वर चाळीस खोल्यांचे लॉज आणि खाली भोजनालय, अशी एक जागा समजा. तिथल्या ओल्या कचऱ्याचे वजन असे भरले: सोमवारी ८२ किलो, मंगळवारी ७८, बुधवारी ८५, गुरुवारी ७६, शुक्रवारी ९४, शनिवारी १२१ आणि रविवारी १३६. आठवड्याची बेरीज ६७२, म्हणजे रोजची सरासरी ९६ किलो. पुठ्ठे, बाटल्या, पिशव्या असा सुका कचरा सरासरी २१ किलो. दोन्ही मिळून ११७. ही जागा घाऊक कचरा निर्माता ठरते.

याच मालकाने फक्त गुरुवारी वजन केले असते तर ओला आणि सुका मिळून आकडा शंभराच्या आत राहिला असता, आणि आपल्याला नियम लागू नाही असे त्याने मनापासून मानले असते. मंगल कार्यालयांचा पेच याहून अवघड. आठवडाभर तिथे झाडलोटीपलीकडे काही निघत नाही आणि मुहूर्ताच्या एका दिवशी पत्रावळ्या, भात, भाज्यांचे देठ, हारफुले यांचा डोंगर होतो. अशा ठिकाणी आठवड्याची सरासरी फसवी ठरते. लग्नसराईचा पूर्ण महिना मोजावा आणि त्यावरून ठरवावे.

सरासरी हातात आली की दुसरा टप्पा जिरवण्याचा. नव्या नियमांप्रमाणे कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरीत डायपर, नॅपकिन वगैरे येतात. विशेष काळजीच्या भागात रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधे. आवारात जिरवायचा तो ओला. त्यासाठी कंपोस्ट किंवा बायोगॅस असे दोन मुख्य मार्ग आहेत. इथे आपण कंपोस्टचाच विचार करू, कारण मध्यम आकाराच्या हॉटेलला तोच आधी परवडतो.

खरकट्याचा मूळ दोष म्हणजे पाणी. भात, रस्सा, भाज्या, फळांच्या साली यांत पाऊणशे टक्क्यांच्या वर पाणीच असते. आपल्या नमुन्यातल्या ९६ किलोंत सुमारे ७५ किलो पाणी आणि जेमतेम २१ किलो घन पदार्थ आहे. हे तसेच हौदात ओतले तर दोन दिवसांत त्याचा चिखल होतो, आत हवा जात नाही, आणि हवेवाचून जगणारे जंतू ते कुजवायला लागतात. शेजाऱ्यांची तक्रार येते ती याच वासाची. म्हणून खरकट्यात कोरडा, कार्बनयुक्त माल मिसळावा लागतो. लाकडाचा भुसा, वाळलेला पाला, साखर कारखान्याचा बगॅस, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे हे सगळे चालते. सोलापुरात शेंगा चटणीमुळे भुईमुगाची टरफले मुबलक मिळतात. ती कुजायला वेळ घेतात, पण ढिगात पोकळी ठेवायला त्यांच्यासारखा माल नाही. पेठेतल्या यंत्रमागांवरचा सुताचा कचरा मात्र हौदात घालू नये. त्यात रंग आणि कृत्रिम धागा मिसळलेला असतो.

प्रमाण वजनाने चारास एक धरावे. ९६ किलो खरकट्याला २४ किलो भुसा. मिश्रण १२० किलोंचे होते आणि त्यात पाणी सुमारे ६५ टक्के राहते. हे थोडे जास्तच आहे. पण ढीग तापला की पहिल्या चार-पाच दिवसांत वाफेवाटे ते साठच्या खाली येते. तपासायची रीत सोपी आहे. मूठभर माल घट्ट दाबावा. बोटांतून पाण्याची धार लागली तर भुसा कमी पडला. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि हात नुसता ओलसर झाला तर बरोबर. गोळा लगेच विस्कटला तर पाणी शिंपडावे.

जागेचा हिशेबही इथेच होतो. १२० किलो मिश्रण साधारण पाव घनमीटर जागा घेते. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा जाळीदार विटांचा हौद चार दिवसांत भरतो. असे आठ हौद असले की शेवटचा भरेपर्यंत पहिल्याला महिना होतो आणि तो उपसता येतो. उपसलेला माल आणखी पंधरा-वीस दिवस सावलीत ढीग करून मुरवावा लागतो. हौद, मधली वाट, चाळणीची जागा आणि भुशाची पोती मिळून तीसएक चौरस मीटर जागा पुरते. पार्किंगमधल्या अडीच-तीन मोटारींची ही जागा. भवानी पेठेतल्या प्रत्येक जुन्या इमारतीला ती काढता येणार नाही, हे खरे आहे. नव्या नियमांनी त्यासाठी वाट ठेवली आहे: जिथे आवारात प्रक्रिया करणे खरोखर शक्य नाही, तिथे स्थानिक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन, पैसे भरून, जबाबदारी पार पाडता येते. इंग्रजी आद्याक्षरांनी ते ‘ईबीडब्ल्यूजीआर प्रमाणपत्र’ म्हणून ओळखले जाते. पण जागा नाही म्हणणे आणि जागा दुचाकींना दिली आहे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाहणीला येणारा अधिकारी हाच फरक पाहतो.

ढीग जिवंत आहे की नाही हे तापमान सांगते. लांब दांड्याचा धातूचा तापमापक ढिगाच्या पोटात खुपसला की चांगल्या हौदात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पारा पन्नाशी ओलांडतो आणि पुढे ५५ ते ६५ अंशांत राहतो. ५५ अंशांवर सलग तीन दिवस राहिले तर रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या बहुतांशी मरतात. मग तापमान उतरू लागते. तेव्हा फावड्याने ढीग वरखाली करावा. आत हवा जाते आणि पारा पुन्हा चढतो. परतवल्यावरही तो चढला नाही तर दोनच शक्यता: माल कुजून संपला, किंवा वाळून गेला. सोलापूरकरांनी दुसरी शक्यता नीट लक्षात ठेवावी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते आणि उघडा हौद आठवड्यात कडक वाळतो. वरून तो तपकिरी, भुसभुशीत, बिनवासाचा, अगदी तयार खतासारखा दिसतो. त्याच्यावर पाणी टाकून दोन दिवस झाकून ठेवले की तो पुन्हा तापतो आणि वास मारतो. म्हणजे खत झालेले नव्हते, कुजणे नुसते थांबले होते.

हीच कसोटी ‘चोवीस तासांत खत’ देणाऱ्या यंत्रांना लावावी. या यंत्रांपैकी बरीचशी खरकटे तापवून वाळवतात आणि दळतात. वजन झपाट्याने उतरते, पण उतरलेले वजन पाण्याचे असते. बाहेर पडतो तो सुकवलेला भात आणि भाजी. ती भुकटी ओली करून पिशवीत बांधून तीन दिवस ठेवली तर खरे काय ते कळते. कुंडीत घातली तर ती मुळाशी तापते आणि रोप जळते. वाळवण्याचे यंत्र निरुपयोगी नाही. लग्नसराईतला ढीग आवरायला ते उपयोगी पडते. पण त्यातून निघालेला माल पुढे हौदात मुरवावाच लागतो, आणि वहीत त्याची नोंद ‘खत’ म्हणून करता येत नाही.

आता वहीकडे येऊ. अनेक ठिकाणी प्रक्रिया एकाकडे असते आणि नोंदी दुसऱ्याकडे. हौद माळी किंवा सफाई कामगार सांभाळतो आणि महिनाअखेरीस कारकून एका बैठकीत तीस दिवसांचे आकडे लिहून काढतो. अशी वही पाहताक्षणी ओळखू येते. रोजचे वजन १००, ९५, १००, ११० असे गोल आकड्यांत असते. तापमान रोज ५५. रविवार आणि गुरुवार सारखेच. सगळ्या पानांवर एकच शाई, कागदावर एकही डाग नाही. खऱ्या वहीत आकडे ओबडधोबड असतात, मधेच काटा बिघडल्याचा शेरा असतो, आणि सणाच्या दिवशी वजन उसळलेले दिसते. आपल्या नमुन्यातल्या जागेची शनिवारची ओळ अशी असायला हवी: ओला १२१, सुका २४, भुसा ३०, हौद क्रमांक ५, हौद ४ चे तापमान ५९, हौद २ परतवला, गळतीचे पाणी एक बादली, सुका माल दिला नाही, सही. जो वजन करतो त्याचीच सही असावी. वही काट्याशेजारी टांगलेली असावी, कार्यालयातल्या कपाटात नसावी.

वही खरी आहे की नाही हे ठरवायला शेवटी बेरीज-वजाबाकी पुरते, आणि हेच या विषयाचे मर्म आहे. नमुन्यातला महिना घेऊ. तीस दिवसांत ओला कचरा २,८८० किलो आणि भुसा ७२० किलो, एकूण ३,६०० किलो हौदात गेले. पाण्याची वाफ झाली, घन पदार्थातला बराच भाग जंतूंनी खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडला. खरकट्याचा घन भाग निम्म्याहून अधिक नाहीसा होतो, भुशाचा पाव हिस्सा. उरलेल्यात तीसएक टक्के ओल धरली तर महिन्याच्या मालातून सुमारे ९०० ते १,००० किलो बाहेर पडायला हवे. चाळणीवर राहिलेली टरफले आणि जाड भुसा पुन्हा हौदात जातो, म्हणून पोत्यात भरण्याजोगे खत ७००–८०० किलो. आणि ते त्याच महिन्यात निघत नाही, साधारण दीड महिन्यानंतर निघते.

आता समजा वहीत जमा २,८८० किलो आहे आणि खत फक्त १५० किलो. मग कचरा हौदात गेलाच नाही. रात्री घंटागाडीत, नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर गेला. खत २,००० किलो दाखवले असेल तर तो कुजलेला माल नाही, ओला किंवा नुसता वाळवलेला आहे. कचरा आला त्याच आठवड्यात खताची विक्री दाखवली असेल तर काळाचाच मेळ बसत नाही. आणि ७२० किलो भुसा लागला असेल तर त्याची बिले कुठेतरी असायला हवीत. भुशाचे बिल नसेल तर एकतर टरफले आणि पाला आवारातून येतो आहे हे दाखवता आले पाहिजे, नाहीतर हौद चालू नाही. यंत्र असेल तर विजेचे बिलही बोलते. म्हणून नोंद एका वहीची नसते. वजनाची वही, खरेदीची बिले आणि माल बाहेर गेल्याच्या पावत्या हे तिन्ही कागद एकमेकांना साक्षी असतात.

बाहेर जाणाऱ्या मालाची पावती हॉटेलांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. पुठ्ठे आणि बाटल्या भंगारवाल्याला रोखीने दिल्या जातात, कागद होत नाही. निदान तारीख, वजन, वस्तू आणि घेणाऱ्याची सही एवढी चिठ्ठी तरी घ्यावी, कारण तुमच्या नावाची खोकी उद्या ओढ्यात सापडली तर तीच चिठ्ठी तुमच्या बाजूने उभी राहते. तळणीच्या तेलाला तर वेगळा नियमच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तळलेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. ती ओलांडलेले तेल पुन्हा वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे लागते. हे तेल हौदात ओतणे ही तर सर्वांत महागडी चूक. तेलाचा थर कणांभोवती बसतो, हवा अडते आणि चांगला चाललेला हौद आठवड्यात बंद पडतो.

महाविद्यालये आणि वसतिगृहे यांचे गणित हॉटेलांच्या नेमके उलटे असते. त्यांच्याकडे पाला भरपूर आणि खरकटे कमी. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत ट्रॉल्या भरतील इतका पाला पडतो आणि बरेचदा तो कोपऱ्यात पेटवला जातो. कचरा उघड्यावर जाळणे नियमबाह्य तर आहेच, पण तो पाला म्हणजे वर्षभर मेसच्या खरकट्याला लागणारा भुसा आहे. जाळीच्या पिंजऱ्यात तो दाबून ठेवला तर जून ते जानेवारी विकत काही घ्यावे लागत नाही. परीक्षा आणि सुट्टीच्या काळात मेस बंद असते तेव्हा वहीत ‘शून्य’ लिहावे, पान कोरे सोडू नये. पाहणी करणाऱ्याला शून्य म्हणजे त्या दिवशी मोजल्याचे कळते. कोऱ्या पानावरून काहीच कळत नाही. शेजारच्या हॉटेलला पाला आणि महाविद्यालयाला ओला माल अशी देवाणघेवाणही करता येते. मात्र वजन दोन्हीकडच्या वह्यांत चढले पाहिजे, एकाकडे वजा आणि दुसऱ्याकडे जमा.

हे सगळे कागद कशासाठी, असे विचारणारे पुष्कळ आहेत. नव्या नियमांनी देशभरासाठी एकच ऑनलाइन पोर्टल ठरवले आहे. घाऊक निर्मात्याने तिथे नोंदणी करायची आहे आणि कचऱ्याचा माग त्यावरून ठेवला जाणार आहे. नोंदणीशिवाय चालवणे, खोटी माहिती देणे, बनावट कागद जोडणे यांवर पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे वास मारणारा हौद हा जितका दोष, तितकाच खोटा आकडा हाही दोष धरला आहे. केंद्र सरकारच्या अंदाजाने एकूण घनकचऱ्यापैकी जवळजवळ ३० टक्के अशा घाऊक ठिकाणांहून येतो. तो आवारात थांबला तर घंटागाडीच्या फेऱ्या कमी होतातच, पण जो कचरा शहराच्या बायोगॅस प्रकल्पाकडे जातो त्याचे प्रमाणही आवाक्यात राहते.

कंपोस्टच्या मार्गाला मर्यादाही आहेत. कंपोस्टचे हौद पेठेतल्या सगळ्या खरकट्याला पुरणार नाहीत. मटणाची हाडे, माशांचे उरलेसुरले आणि तेलकट रस्सा यांना हौदात थाराच देऊ नये. त्यांच्यासाठी बायोगॅस किंवा शहराची व्यवस्था हवी. खरकट्यातल्या मिठामुळे या खताची क्षारता जास्त भरू शकते. म्हणून वापरण्यापूर्वी कुंडीत एक भाग खत आणि तीन भाग माती मिसळून मेथी पेरून पाहावी. नुसत्या मातीतल्या मेथीइतकी ती जोमाने उगवली तर खत द्यायला हरकत नाही. विकायचे असेल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. ज्यांची सरासरी शंभराच्या खाली आहे आणि बाकीच्या दोन कसोट्याही ज्यांना लागत नाहीत, त्यांना हा नियम लागू होत नाही, पण वर्गीकरण सर्वांनाच आहे.

भवानी पेठेत ज्यांच्या दारी रोज ड्रम उभे राहतात, त्या भोजनालयांनी, मंगल कार्यालयांनी आणि वसतिगृहांनी एकच गोष्ट आधी करावी: प्रक्रियेचे यंत्र घेण्यापूर्वी वजनकाटा घ्यावा आणि सोमवार ते रविवार ओला नि सुका कचरा वेगवेगळा तोलून वहीत मांडावा. किती हौद लागतील, किती भुसा लागेल, जागा पुरेल की प्रमाणपत्र घ्यावे लागेल, यातला प्रत्येक निर्णय त्या सात ओळींवरून घेता येतो. त्या सात ओळी नसतील तर यंत्र, हौद आणि प्रमाणपत्र हे तिन्ही अंदाजपंचे घेतलेले असतात.